स्टॅटिनविषयीच्या तीन शंका

साठी ओलांडलेल्या गृहस्थांना तिजोरीची किल्ली कुठे ठेवली ते आठवेनासे झाले, की घरात पहिला संशय कोलेस्टेरॉलच्या गोळीवर जातो. वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या व्यापारी कुटुंबांत ही शंका नवी नाही. यकृत बिघडते, कर्करोग होतो, ही भीतीही तिच्यासोबत येते. अशा वेळी विचारावयाचा प्रश्न एकच : ही गोळी न घेणाऱ्या, त्याच वयाच्या माणसांचे काय झाले?

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत ही तुलना आहे. स्कॉटलंड, आयर्लंड व नेदरलँड्समधील ७० ते ८२ वर्षांच्या ५,८०४ व्यक्तींचे, चिठ्ठी टाकावी तसे, दोन गट केले गेले. एका गटाला रोज ४० मिलिग्रॅम प्रॅव्हास्टॅटिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळते, हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. तीन वर्षांहून अधिक काळ स्मरणशक्ती तपासली गेली. ती दोन्ही गटांत घसरली, पण सारखीच. काही रुग्णांनी विस्मरणाची तक्रार केलेली आहे व गोळी थांबवल्यावर ती बहुधा गेली, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये तशी सूचना छापावयास लावली. मात्र ती तक्रारींची नोंद आहे, तुलनेतून निघालेला निष्कर्ष नव्हे.

कर्करोगाच्या भीतीला याच चाचणीने खतपाणी घातले. स्टॅटिन घेणाऱ्यांत नवे कर्करोग २४५, न घेणाऱ्यांत १९९. आकडा खरा आहे, तो झाकण्याचे कारण नाही. परंतु एका दुकानाच्या एका हंगामावरून कोणी बाजाराचा कल ठरवत नाही. पुढे २७ चाचण्यांतील सुमारे १,७५,००० लोकांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे पाच वर्षांच्या काळात हा फरक उरला नाही. वीस-पंचवीस वर्षांविषयी तो हिशेब अर्थातच बोलत नाही. ‘प्रॉस्पर’मधीलच दुसरा आकडा मात्र क्वचित सांगितला जातो : हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना औषधाच्या गटात ४०८, दुसऱ्यात ४७३.

यकृताचे पाहू. समजा, अहवालात एसजीपीटी ५८ आले आणि प्रयोगशाळेची मर्यादा ४० आहे. वाढ आहेच. पण डॉक्टर गोळी थांबवण्याचा विचार करतात तो साधारणतः तिपटीवर, म्हणजे १२० च्या पुढे, आणि तोही पुन्हा तपासून. ५८ च्या मुळाशी पुष्कळदा दिवसभर गादीवर बसणाऱ्याच्या यकृतातील चरबी असते. गोळी सुरू होण्यापूर्वीचा जुना अहवाल काढला, की आकडा तेव्हाही वाढलेला होता का, ते दिसते. गंभीर इजा अतिशय विरळ, पण अशक्य नाही. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली, तर पुढच्या तपासणीची तारीख पाहत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.