मध्यरेषेचा हट्ट

2 ऑगस्ट 2027 चं खग्रास सूर्यग्रहण बघायला कुठे जावं, तेवढं लिहा, असं संपादकांनी सांगितलं. एका शब्दात उत्तर द्यायचं तर इजिप्तमधलं लक्सर. तिथे खग्रास स्थिती सुमारे 6 मिनिटं 20 सेकंद टिकेल आणि ऑगस्टात ढग जवळजवळ नसतातच. तरीही नुकतंच एका निवृत्त जोडप्याला मी लक्सरला जाऊ नका म्हणालो, आणि ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही.

काकांना हृदयविकार आहे. लक्सरला ऑगस्टात दुपारी चाळीस अंशांच्या वर तापतं, आणि ग्रहणाचा मध्य आहे दुपारी एकच्या सुमारास. आधीचा आणि नंतरचा खंडग्रास भाग धरला तर जवळजवळ तीन तास उन्हाशी गाठ. शिवाय सूर्य क्षितिजापासून 82 अंश वर, म्हणजे अगदी माथ्यावर असेल. कर्नाकच्या खांबांमागे काळा सूर्य असं जे चित्र जाहिरातींत दाखवतात, ते तिथे डोळ्यांना दिसणारच नाही. बघायचं तर सावलीच्या कडेला चटईवर उताणं झोपायला हवं. पण सहल कंपनीने दोघांना ‘थेट मध्यरेषेवरचं’ हॉटेल म्हणून जादा पैसे लावले होते आणि त्यांचा सगळा जीव त्या रेषेत अडकला होता.

या रेषेचा हट्ट मला सहन होत नाही. लक्सरजवळ खग्रास पट्टा सुमारे 258 किलोमीटर रुंद आहे. मध्यरेषा ते कड हे अंतर साधारण 129 किलोमीटर. चंद्राची सावली तिथे जवळजवळ गोल पडते, त्यामुळे तुम्ही रेषेपासून बाजूला सरकलात की तुमच्यावरून जाणारी तिची लांबी सुरुवातीला अगदी हळूहळू कमी होते. रेषा सोडून कडेच्या निम्म्या वाटेवर, म्हणजे 65 किलोमीटरवर उभे राहिलात तरी साडेपाच मिनिटं मिळतात. खरी घसरण शेवटच्या पाव भागात होते. कडेच्या पलीकडे मात्र काहीच उरत नाही: 99 टक्के सूर्य झाकला तरी उरलेल्या एका टक्क्याच्या उजेडात प्रभाकिरीट दिसत नाही. ‘आमच्याकडे 99 टक्के आहे, मग कशाला जायचं?’ हे मी दर ग्रहणाला ऐकतो आणि दर वेळी तेच सांगतो.

म्हणून मिनिटांपेक्षा आकाश आणि रस्ता आधी बघावा. 22 जुलै 2009 च्या खग्रास ग्रहणाला बिहारमधलं तारेगना ही उत्तम जागा म्हणून गाजली, लोक लोटले आणि पावसाळी ढगांनी सगळं झाकलं. वाराणसीला त्याच सकाळी खग्रास दिसलं, काळ थोडा कमी असूनही.

त्या जोडप्याला मी दक्षिण स्पेन सुचवलं. तिथे खग्रास सकाळी पावणेअकराच्या सुमारास आहे आणि सूर्य 40 अंशांच्या आसपास, मान न दुखता दिसेल असा. तारिफाला साडेचार मिनिटांहून थोडं जास्त, कादिझला तीन मिनिटांच्या आतबाहेर. पण हे आकाश लक्सरसारखं खात्रीचं नाही, म्हणून पर्यायी जागा आधीच हेरून ठेवायची. इथला सगळा खेळ वाऱ्याचा. पूर्वेचा ‘लेवांते’ सुटला की भूमध्य समुद्रावरची ओल जिब्राल्टरच्या खडकावर आदळते आणि तिथे ढगाचा पट्टा लटकतो. तोच वारा डोंगर ओलांडून कादिझकडे उतरताना कोरडा होतो आणि तिथलं आकाश स्वच्छ ठेवतो. पश्चिमेचा ‘पोनिएंते’ आला तर उलटा प्रकार: कादिझच्या किनाऱ्यावर सकाळी धुकट ढग येऊ शकतो आणि मालागाची बाजू उघडी राहते. मालागाला दोन मिनिटांच्या आतच खग्रास, पण दिसणारी पावणेदोन मिनिटं ढगाआडच्या साडेचार मिनिटांपेक्षा मोलाची.

उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढलेली ढगांची सरासरी सहल ठरवायला उपयोगी पडते. जे अँडरसन या कॅनडाच्या हवामानतज्ज्ञाचे असे नकाशे आम्ही सगळेच वापरतो. पण त्या दिवशीचा वारा सरासरीत दिसत नाही. तीन दिवस आधीपासून दोन वेगवेगळ्या केंद्रांचे अंदाज बघायचे. दोन्ही एकच वारा सांगत असतील तर आदल्या संध्याकाळी मुक्काम हलवायचा. जुळत नसतील तर पहाटे उपग्रहाचं चित्र बघून निघायचं, आणि उशिरात उशिरा सहाला. कादिझ ते तारिफा शंभरेक किलोमीटरचंच अंतर, पण किनाऱ्याचा रस्ता त्या दिवशी तुंबणार हे गृहीत धरायला हवं. आठनंतर आकाशात उघडीप दिसली म्हणून तिच्यामागे धावणाऱ्याला ग्रहण गाडीतूनच बघावं लागेल.

काकूंनी शेवटी विचारलं, “म्हणजे दोन ठिकाणी खोल्या घेऊ?” हो, म्हटलं: एक कादिझजवळच्या हेरेझला, एक मालागाकडे, दोन्ही रद्द करता येतील अशा. लक्सरच्या हॉटेलचा जादा आकार परत मिळवण्याचा अर्ज मी त्यांना लिहून दिला आहे. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही.