नात्यातला माणूस बदलून मिळावा

बँकेने मला एक नातेवाईक दिला होता. म्हणजे त्याच्या कार्डावर 'रिलेशनशिप मॅनेजर' असं छापलेलं होतं, आणि वागायचाही तो नात्यातल्यासारखाच. दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन यायचा, मुलाची बारावी कशी गेली ते विचारायचा आणि काम सांगितलं की "झालंच समजा, सर," म्हणायचा. 'झालं' आणि 'झालंच समजा' यांत केवढं अंतर असतं, ते मला पुढे दोन लाख चाळीस हजारांच्या एका चेकने समजावून सांगितलं.

माझा धंदा ग्रिलं, गेटं आणि पत्र्याच्या शेडी करून देण्याचा. राहायला रोडपाली, कारखाना तळोज्याला आणि लोखंड कळंबोलीच्या बाजारातून. असल्या धंद्याला बँक 'कॅश क्रेडिट' देते. मला वीस लाख मंजूर आहेत. पण मंजूर वीस म्हणजे हातात वीस, असं समजणारा माणूस धंद्यात नवा असतो. दर महिन्याला माल किती पडलाय, येणं किती, देणं किती याचं विवरण बँकेला द्यायचं. त्यावरून या महिन्यात किती उचलता येईल ते ठरतं. बँकवाले त्याला 'ड्रॉइंग पॉवर' म्हणतात.

जूनअखेरचा माझा हिशोब असा होता. माल चोवीस लाखांचा, त्यातले आठ लाख देणं बाकी. म्हणजे स्वतःचा माल सोळा लाखांचा. त्यातला पाव हिस्सा मार्जिन म्हणून बँक धरत नाही, उरले बारा. गिऱ्हाइकांकडून नव्वद दिवसांच्या आतलं येणं दहा लाख. त्यावर माझ्या मंजुरीपत्राप्रमाणे चाळीस टक्के मार्जिन, म्हणून सहा. एकूण अठरा लाख. हे विवरण मी ५ जुलैला आमच्या नातेवाइकाच्या हातात दिलं. त्याने ते बॅगेत घातलं आणि "झालंच समजा," म्हणाला.

१८ जुलैला माझा चेक परत गेला. कारण, 'मंजूर व्यवस्थेपेक्षा जास्त'. विवरण बॅगेतच राहिलं होतं! बँकेच्या यंत्रात मे महिन्याचीच बारा लाखांची मर्यादा होती. मी आधीच अकरा लाख सत्तर हजार उचललेले. त्यात हा चेक आला. यंत्राला काय, त्याला मिठाई आठवत नाही.

चेक परत जाणं म्हणजे नुसता बँकेचा दंड नव्हे. पराक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ खात्यात पैसे कमी असले तरी लागतं आणि बँकेशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा चेक मोठा झाला तरी लागतं. लोखंडवाल्या शेठनी नोटीस पाठवली असती, तर पंधरा दिवसांत पैसे भरा, नाहीतर फौजदारी. शेठ भले, त्यांनी नुसता फोन केला. "साहेब, काही अडचण आहे का?" एवढंच विचारलं. वीस वर्षांत कुणी इतक्या हळू आवाजात माझा अपमान केला नव्हता. बायकोने आपली मुदत ठेव मोडली आणि संध्याकाळच्या आत पैसे पोचते झाले.

हे एकदाच झालं असतं तर मीही नातं सांभाळलं असतं. पण बँकेमार्फत काढलेला मालाचा विमा ऑगस्टमध्ये नव्याने आला, तो जुन्याच गाळ्याच्या पत्त्यावर. गाळा बदलल्याचं पत्र मार्चमध्ये देऊन झालं होतं. विमा असतो तो पॉलिसीत लिहिलेल्या जागेतल्या मालाचा. पाणी शिरलं असतं नव्या गाळ्यात आणि भरपाई मागावी लागली असती जुन्याची, जिथे आता दुसऱ्याच कुणाचा कारखाना आहे. आणि सप्टेंबरात जुलैचं विवरणही चढवलेलं नाही असं कळलं. विवरण तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्यावर उचललेली रक्कम अनियमित धरतात, आणि ती अनियमितता सलग नव्वद दिवस टिकली की खातं थकीत! म्हणजे वेळेवर व्याज भरणारा माणूस दुसऱ्याच्या बॅगेमुळे थकबाकीदार होऊ शकतो.

तेव्हा पत्र लिहायचं ठरलं. मेहुण्याने मसुदा दिला, त्यात 'अक्षम्य हलगर्जीपणा' तीनदा आणि 'कोर्टात खेचीन' एकदा होतं. बायको म्हणाली, "अहो, त्या पोराची नोकरी जाईल हं." तेही खरं. मला त्याची नोकरी नको होती, त्याच्याकडची माझी फाईल हवी होती.

शेवटी शेजारच्या नानांकडे गेलो. नानांची सगळी हयात एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली आहे. मेहुण्याचा मसुदा वाचून ते म्हणाले, "यात माणसाचं वर्णन आहे रे, तारखा कुठायत? वर्णनाला साहेब उत्तर देतो की आमचा माणूस चांगला आहे. तारखेला काय उत्तर देणार?" 'नेहमी', 'वारंवार', 'कधीच नाही' हे शब्द त्यांनी आधी खोडले आणि तीन परिच्छेद लिहायला लावले. प्रत्येकात आम्ही काय दिलं, कोणत्या तारखेला, व्हायला काय हवं होतं, झालं काय, आणि त्याची किंमत काय पडली. सोबत पुराव्याची प्रत. विवरण हातात दिलं तेव्हा मी ईमेलही केली होती, ती इथे कामाला आली.

पत्र शाखाधिकाऱ्यांच्या नावे. मागण्या चारच: खात्यासाठी दुसरा अधिकारी १५ ऑक्टोबरपर्यंत द्यावा, चेक परतीचा दंड खात्यात जमा करावा, विम्यावरचा पत्ता दुरुस्त करून द्यावा, आणि नव्या अधिकाऱ्याला जुन्याने काय काय सोपवलं याची यादी मला द्यावी. ही चौथी मागणी नानांची. "माणूस बदलतो, पण त्याच्या डोक्यातलं तो घेऊन जातो. मग नवा पोरगा पहिल्यापासून कागद मागतो आणि तुला वाटतं जुनाच बरा होता." मर्यादेच्या नूतनीकरणाची तारीख, विम्याची मुदत, शेवटचं चढवलेलं विवरण आणि अडकलेली कामं, एवढं त्या यादीत यायला हवं.

शेवटी एक वाक्य बायकोचं घातलं: 'संबंधित अधिकाऱ्यांचे वागणे नेहमीच सौजन्याचे होते, आमची अडचण कामाच्या पूर्ततेबद्दल आहे.' नाना 'नेहमीच' खोडायला निघाले होते, पण इथे राहू दिलं.

दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार लागते; ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढचं दार उघडतं. ते तीस दिवस मोजायला हा शिक्का. अर्थात अमुकच अधिकारी द्या असं लोकपाल सांगत नाहीत, सेवेतली उणीव तेवढी बघतात. त्यामुळे धमकी म्हणून त्यांचं नाव पत्रात घातलं नाही. शिक्का होता तेवढं पुरे.

नवव्या दिवशी शाखाधिकाऱ्यांनी बोलावलं. चहा आला. त्यांनी पत्र दोनदा वाचलेलं दिसत होतं, कारण समासात पेन्सिलीने खुणा होत्या, त्या सगळ्या तारखांपाशी. दंड जमा झाला, विमा दुरुस्त झाला. फाईल एका बाईंकडे गेली. त्यांनी सोपवणीची अर्धं पान यादी दिली. त्यात नूतनीकरणाची तारीख चुकली होती, ती त्यांनीच मंजुरीपत्र काढून माझ्यासमोर दुरुस्त केली. त्या मुलाची कुठे नाही, फक्त नव्या खात्यांकडे बदली झाली. खाती उघडायला तो उत्तम आहे, असं साहेब म्हणाले, आणि मला ते पटलं.

बाईंना मी ऑक्टोबरचं विवरण दिलं. "झालं का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "उद्या अकराला फोन करते."

फोन अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. दिवाळीला मिठाई मात्र आली नाही.