चार सेकंदांची जागा

बाबा एसटीत कंडक्टर होते. रात्री घरी आले की पँटच्या दुमडीतून रंगीत कागदाच्या बारीक टिकल्या जमिनीवर सांडायच्या. पंचने तिकिटाला भोक पाडलं की उडणाऱ्या त्या टिकल्या. बाबा गेल्यानंतर वर्षभराने त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा एका जुन्या पँटच्या दुमडीत तशीच एक पिवळी टिकली सापडली. त्यावर अर्ध्या मिनिटाचा, शेरासारखा म्हणायचा व्हिडिओ करायचं मी ठरवलं.

पहिला खर्डा एका बैठकीत लिहून झाला. त्यातली एक ओळ अशी होती: ‘शर्टाला डिझेलचा वास, पाठीवर घामाच्या मिठाचा नकाशा, आणि दुमडीत टिकल्या.’ मला ती फार आवडली होती. बहिणीला डोळे मिटायला सांगून मी ती वाचून दाखवली आणि विचारलं, काय दिसलं? ती म्हणाली, “पाठीवरचा नकाशा.” टिकल्या तिच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. कागदावर वाचणारा एका ओळीपाशी थांबू शकतो, मागे जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्याच्या मनात एक चित्र उमटत असतानाच दुसरं आलं, तर दोन्ही पुसट होतात. नकाशा काढून टाकताना जीव तुटला, पण कविता टिकल्यांची होती.

मग पुढचा प्रश्न शब्दांच्या क्रमाचा. ‘दुमडीतून टिकल्या सांडायच्या’ हे सरळ मराठी वाक्य. पण त्यात टिकल्या मधेच येऊन जातात आणि वाक्य क्रियापदावर संपतं, म्हणजे चित्र आधी आणि नुसती हालचाल शेवटी. मी क्रम उलटवला: ‘सांडायच्या... टिकल्या.’ काय सांडायचं, हा प्रश्न एक सेकंद हवेत राहतो आणि मग उत्तर येतं. ही युक्ती मी आधी प्रत्येक ओळीत वापरली, तेव्हा सगळं नाटकी वाटायला लागलं. शेवटी दोनच ठिकाणी ठेवली.

संहिता अशी झाली. कंसातले आकडे विरामाचे सेकंद आहेत.

रात्री साडेदहा. दारात खाकी शर्ट. (२)
पँटच्या दुमडीतून सांडायच्या (१) टिकल्या. (२)
प्रत्येक टिकली, कुणाचं तरी गाव. (२)
सकाळी आई झाडून काढायची (१) गावं. (४)
परवा ट्रंक उघडली. (२)
दुमडीत एक पिवळी टिकली. (३)
कुणाचं तरी उतरायचं राहिलंय. (३)

शब्द तीसच. सेकंदाला दोन शब्द या सावकाश गतीने ते पंधरा सेकंदांत संपतात. विराम मात्र वीस सेकंदांचे. बोलण्यापेक्षा थांबणं जास्त, हे पाहून मी आधी घाबरले. पण मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोनदा म्हणतो तो का? श्रोत्यांच्या मनात तो मुरावा आणि दुसऱ्याची ओढ लागावी म्हणून. व्हिडिओत समोर कुणी नसतं. ओळ पुन्हा म्हणायची नसेल, तर मुरायचा तो वेळ विरामानेच द्यावा लागतो.

सगळ्यात लांब विराम चौथ्या ओळीनंतर ठेवला, कारण तिथे टिकलीचं गाव होऊन तेच गाव केरात जातं. ऐकणाऱ्याला हे जुळवायला वेळ लागतो.

रात्री पंखा बंद करून फोनवर आवाज रेकॉर्ड केला. जुळवणी करताना श्वासांचे आवाज नकोत म्हणून विरामांतला आवाज शून्यावर आणला, आणि तिथेच फसले. ऐकताना प्रत्येक विरामात फोन बंद पडल्यासारखं वाटे. खोली कधीच पूर्ण गप्प नसते. तिची बारीकशी घरघर कानाला हवी असते. मग त्याच खोलीत, त्याच जागी चाळीस सेकंद काही न बोलता रेकॉर्ड केलं आणि ती शांतता सगळ्या ओळींखाली अंथरली. विराम जिवंत झाले.

दुसरी चूक अक्षरांची. पूर्ण ओळ पडद्यावर एकदम येत होती. डोळा पुढे धावून ‘टिकल्या’ वाचून घेई आणि माझा एक सेकंद फुकट जाई. आता तो शब्द मी उच्चारते तेव्हाच उमटतो. दृश्यंही कमी केली. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत टिकली दाखवलीच नाही, नुसता अंधारा उंबरठा आणि कोपऱ्यातला झाडू.

तयार झाल्यावर पहिल्यांदा आईला दाखवला. चौथी ओळ संपली, चार सेकंदांचा विराम सुरू झाला आणि त्या जागेत आई बोलली, “सगळ्या नव्हते गं झाडत मी. दोनचार ठेवायचे.”

पुढच्या तीन ओळी तिच्या बोलण्यात गेल्या. व्हिडिओ थांबल्यावर म्हणाली, “परत लाव. शेवटचं ऐकलं नाही.”