निघण्याआधी घर सापडायला हवं

आजाऱ्यासाठी पवित्र कम्युनियन न्यायचं असतं तेव्हा वेळ आपल्या हातात नसतो. गेल्या पावसाळ्यात नागपूरहून एका नातलगाचा फोन आला: "आजी फार थकल्यात, फादरना आजच खैरलांजीला न्याल का?"

आता खैरलांजी कोणतं? आपल्या बालाघाट जिल्ह्यात त्या नावाची तहसील आहे आणि तिकडे भंडाऱ्याच्या मोहाडी तालुक्यातही एक खैरलांजी आहे. नाव टाकून निघालं तर नकाशा आनंदाने दुसऱ्याच आजींच्या गावी नेईल. म्हणून मी आजींच्या नातवाला फोन लावला. तिथे बोलण्यापुरतं नेटवर्क होतं, लोकेशन पाठवण्यापुरतं नव्हतं. त्याला म्हटलं, "बाळा, अंगणात ये, गुगल मॅप्स उघड आणि निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धर. दोन आकडे दिसतील, ते वाच." ठिपका उपग्रहावरून येतो, त्याला नेटवर्क लागत नाही, फक्त उघडं आकाश हवं आणि दोन-चार मिनिटं धीर.

आकडे लिहून घेताना दशांशचिन्हानंतरचे किमान चार अंक घ्या. दोनच घेतले तर किलोमीटरभराची चूक होते, चार घेतले तर दहा-अकरा मीटरची. म्हणजे गाव नाही, घर मिळतं. आपल्या जिल्ह्यात पहिला आकडा २१ किंवा २२ ने सुरू होतो, दुसरा ७९ ते ८१ ने. क्रम उलटला तर खूण थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात पडते. आमची वारासिवनीच्या पलीकडे पडली, म्हणजे खैरलांजी आपलंच.

मग चर्चच्या वायफायवर नकाशा उतरवला: आपल्या फोटोवर टिचकी, Offline maps, Select your own map. चौकटीत फक्त ते गाव नाही, बालाघाटपासूनचा सगळा रस्ता बसवायचा. खूण जतन केली, आकडे कागदावरही लिहिले. शेवटी फोन फ्लाइट मोडवर टाकून रस्ता मागून पाहिला. मला विचाराल तर खरी परीक्षा हीच. इथे रस्ता उमटला तर पुढेही उमटेल.

निळी रेघ घराच्या बरीच अलीकडे संपत होती. टोल्याकडे जाणारी कच्ची वाट नकाशात नसतेच बहुधा. ऑफलाइन नकाशा पायवाटही सांगत नाही, फक्त गाडीचा रस्ता. म्हणून नातवाला पुन्हा फोन केला: रेघ संपते तिथून पुढे काय? "शाळा, मग हातपंप, तिथून डावीकडे." आणि जे कोणत्याच उतरवलेल्या नकाशाला कळत नाही तेही विचारलं: रपट्यावरून पाणी वाहतंय का? "सकाळी होतं, आता उतरलं," तो म्हणाला. तेव्हा फादरनी गाडीची किल्ली घेतली.