एकशे एकोणपन्नास रुपये कमी

उर्दूत ‘हफ़्ता’ म्हणजे आठवडा. फारसीतल्या ‘हफ़्त’, म्हणजे सात, या शब्दातून तो आला. मराठीत आल्यावर तोच शब्द कर्ज फेडण्याचा ‘हप्ता’ झाला. मुदत, कर्ज, वसुली, बाकी हे शब्दही तिकडूनच आलेले. वर्गात हे सांगताना मला मजा यायची. पण हप्ता आणि बाकी या दोन शब्दांत केवढं अंतर असतं, हे मला 2025 साली माझ्याच खात्यावर कळलं.

मुलीला अभ्यासासाठी फोन हवा होता. किंमत 11,997 रुपये. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ असा पर्याय होता. 3,999 रुपयांचे तीन हप्ते, व्याज शून्य. आमच्या घरात व्याजाचा व्यवहार शक्यतो टाळतात. अम्मी तर पतसंस्थेच्या दारातूनही लांबून जायची. त्यामुळे ‘बिनव्याजी’ हा शब्द वाचून मी निर्धास्त झाले. बोट दाबलं, बँकेतून आपोआप पैसे कापायची परवानगी दिली. 5 जानेवारी, 5 फेब्रुवारी, 5 मार्च अशा तारखा ठरल्या. पहिले दोन हप्ते वेळेवर गेले.

मार्चमध्ये पगार रखडला. त्यात 2 मार्चपासून रमजान सुरू झालेला, घरात खर्च जास्त. 5 तारखेला खात्यात 3,850 रुपये होते. हप्त्याला 149 रुपये कमी.

अशा वेळी यंत्र आहेत तेवढे पैसे घेऊन उरलेल्यांसाठी थांबत नाही. हप्ता पूर्ण गेला तर गेला, नाही तर ‘बाउन्स’. त्या दिवशी माझ्या बँकेने परतीचा आकार लावला. 250 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295. तो खात्यातूनच गेला आणि शिल्लक 3,555 झाली. म्हणजे 149 रुपयांचा खड्डा 444 रुपयांचा झाला. दोन दिवसांनी कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. पैसे आणखी कमी, त्यामुळे पुन्हा बाउन्स, पुन्हा 295. शिवाय कंपनीने उशिराचा दंड लावला 450 रुपये. तीन जागी मिळून 1,040 रुपये, आणि मूळ तूट 149 ची.

13 मार्चला पगार झाला. मी त्याच संध्याकाळी अ‍ॅप उघडून 3,999 रुपये भरले. ‘पेमेंट यशस्वी’ असा हिरवा शिक्का आला. दंडाचं काय ते कंपनी नंतर कळवेल, असं मनाशी म्हटलं आणि इफ्तारच्या तयारीला लागले. ईदनंतर अ‍ॅपही काढून टाकलं. फोन आला होता, हप्ते संपले होते. नंतर मेसेज येत राहिले, ते जाहिरातींच्या ढिगात गेले. मी उघडले नाहीत, ही चूक माझी.

जुलैमध्ये घराच्या छताच्या कामासाठी बँकेत कर्ज मागायला गेले. पत्रे गळत होते, स्लॅब टाकायचा विचार होता. अधिकाऱ्याने संगणकाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

‘‘मॅडम, तुमचं एक खातं थकीत दिसतंय. 117 दिवस.’’

‘‘माझं? कुठलं?’’

त्यांनी सांगितलेलं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. अ‍ॅपचं नाव वेगळं आणि मागे पैसे देणारी वित्तसंस्था वेगळी, हे तेव्हा समजलं. कर्ज त्या संस्थेचं असतं आणि नोंदही तिच्याच नावाने होते. कर्जाच्या सुरुवातीला मुख्य अटींचं जे पत्रक मिळतं त्यात ते नाव असतं. मी ते पत्रक वाचलं नव्हतं.

थकबाकी किती? 450 रुपये.

घडलं ते असं. मी भरलेल्या 3,999 मधून कंपनीने आधी दंडाचे 450 वळते केले. उरलेले 3,549 हप्त्यात गेले. म्हणजे दंड फिटला आणि हप्ता अपुरा राहिला. पैसे आधी कशात जमा धरायचे, हे अटींत लिहिलेलं होतं. पुढचा हप्ता असता तर त्यातून ही जुनी बाकी आधी भरून निघाली असती. पण हा शेवटचा हप्ता होता, मागून पैसे येणारच नव्हते. 5 मार्चपासूनचे दिवस मोजले जात राहिले. अहवालात मार्चअखेर 26, एप्रिलअखेर 56, मेअखेर 87, जूनअखेर 117 असे आकडे एका रांगेत उभे होते. 90 दिवस ओलांडले की खातं बुडीताच्या वर्गात जातं. रक्कम 450 असो की साडेचार लाख, दिवसांची मोजणी तीच.

असल्या लहान, थोड्या मुदतीच्या उधारीचीही नोंद पतमाहिती कंपन्यांकडे करावी, असं रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच सांगितलं आहे. 2025 मध्ये ती माहिती महिन्यातून दोनदा, 15 तारखेची आणि महिनाअखेरची, पाठवावी लागत होती. आपण ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो ती अशा चार कंपन्यांपैकी एक. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन.

त्याच दिवशी मी 450 रुपये भरले आणि ‘काही येणे बाकी नाही’ असं पत्र मागून घेतलं. पतमाहिती कंपनीकडे तक्रारही केली. तक्रार 30 दिवसांत निकाली काढावी लागते, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. उत्तर वेळेत आलं: नोंद बरोबर आहे. खोटी नोंद दुरुस्त होते, खरी पुसली जात नाही. खातं आता बंद दिसतं, पण महिन्यांचे ते आकडे 36 महिन्यांच्या रांगेत राहणार. बँकेने सध्या नाही म्हटलं. पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदार चाचांच्या वहीतही माझी बाकी असते. पगार लांबला की ते म्हणतात, ‘‘आपा, आल्यावर द्या.’’ त्यांना माझा पगार माहीत आहे. यंत्राला फक्त 5 तारीख माहीत होती, आणि ती तारीख मीच मान्य केली होती. पगाराची तारीख डळमळीत असताना 5 तारीख मान्य करणं, ही पहिली चूक तिथेच झाली.

आता स्टाफरूममध्ये कोणी अशी खरेदी केली की मी तीन प्रश्न विचारते. पैसे देणाऱ्या संस्थेचं नाव काय? हप्ता चुकलाच, तर भरताना नुसता हप्ता भरलात की अ‍ॅपमध्ये दिसणारी दंडासकट सगळी रक्कम? आणि शेवटच्या हप्त्यानंतर बाकी शून्य झाल्याचं पत्र घेतलंत का? त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी आपला पतअहवाल एकदा पाहावा. वर्षातून एक पूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो. मी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो बँकेच्या टेबलावर, अधिकाऱ्याच्या पडद्यावर.

अम्मीला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘व्याज नव्हतं ना? मग हे काय होतं?’’ त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.