९४.७६६३७४२ म्हणजे किती मुलं?

जेईई मेनचा निकाल लागला की पालक सगळ्यांत आधी सरासरी काढतात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स या तिन्हींचे पर्सेंटाइल मिळवायचे, तीनने भागायचं आणि खाली छापलेल्या एकूण आकड्याशी ताडून बघायचं. तो जुळत नाही, मग घरात धावपळ सुरू होते. निकालाची आकडेमोड तपासणं हे माझं काम, त्यामुळे अशी घाबरलेली मंडळी माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या निकालपत्रात काहीच चुकलेलं नसतं. चुकलेली असते ती सरासरी.

एकूण पर्सेंटाइल तीन विषयांच्या पर्सेंटाइलांवरून काढतच नाहीत. विद्यार्थ्याचे ३०० पैकी मूळ गुण घेऊन ते स्वतंत्रपणे काढतात. चारच मुलांची परीक्षा झाली असं धरू. एका मुलीला तिन्ही विषयांत ४०-४० गुण आहेत. उरलेल्या तिघांना प्रत्येकी एका विषयात ९० आणि बाकी दोन विषयांत १०-१० गुण आहेत, पण तिघांचा ९०चा विषय वेगवेगळा. प्रत्येक विषयात या मुलीच्या पुढे एकच जण असतो, म्हणून तिला तिन्हीकडे ७५ पर्सेंटाइल पडतात. बेरजेत मात्र तिचे १२० आणि बाकीच्यांचे ११०. ती पहिली येते आणि तिचे एकूण पर्सेंटाइल १०० होतात. सगळं बरोबर आहे.

मग तपासायचं काय? त्यासाठी सूत्र पाहू. एनटीएने २०१९पासून जेईई मेनसाठी ते वापरात आणलं. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो, म्हणून तुलना आपल्याच शिफ्टपुरती करायची. आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, ते मोजायचं. स्वतःलाही त्यात धरायचं. त्या संख्येला शिफ्टमध्ये प्रत्यक्ष बसलेल्यांच्या संख्येने भागून १००ने गुणायचं. उत्तर दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत छापतात, म्हणजे एकाच पर्सेंटाइलवर फार जण अडकत नाहीत. राज्याच्या एमएचटी-सीईटीच्या निकालातही असेच सात दशांश आकडे दिसतात.

हे सात आकडेच तपासणाऱ्याच्या कामाला येतात. सूत्रात वर मुलांची संख्या आहे आणि माणसं अर्धी-पाऊण नसतात. म्हणून हिशेब उलटा केला, की उत्तर पूर्णांकच यायला हवं.

समजा, एका शिफ्टला ७८,४१६ जण बसले आणि निकालपत्रावर ९४.७६६३७४२ असा आकडा आहे. त्याला ७८,४१६ने गुणून १००ने भागलं, की ७४,३१२ येतात. फरक पडलाच तर दशांशानंतर चार शून्यं गेल्यावर. म्हणजे ७४,३१२ जण या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा मागे, आणि ४,१०४ जण पुढे. आता हाच आकडा कुणी उतरवून घेताना ९४.७६३६७४२ असा लिहिला, दोन अंकांची अदलाबदल झाली, तर उत्तर ७४,३०९.८८ येतं. इतकी मुलं असूच शकत नाहीत. या शिफ्टमध्ये एका विद्यार्थ्यामागे पर्सेंटाइल सुमारे ०.००१२७५ने सरकतात; दोन पायऱ्यांच्या मध्ये कुणालाच उभं राहता येत नाही.

उत्तर पूर्णांक आलं नाही म्हणून लगेच एनटीएवर धावून जायचं नाही. आधी भाजक पाहायचा. नोंदणी केलेल्यांचा आकडा घेतला, की हिशेब फसतो. गैरहजर मुलं सूत्रात नसतात. सगळ्या शिफ्टची एकूण बेरीज घेतली तरी फसतो. आपल्या शिफ्टमध्ये बसलेल्यांचा आकडा हाती नसेल, तर त्याच शिफ्टमधल्या मित्राचं निकालपत्र मागावं. अंतिम उत्तरतालिकेवरून दोघांचे मूळ गुण काढावेत. एकूण गुण सारखे असतील तर दोघांचे एकूण पर्सेंटाइल शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे हवेत. इथे फरक दिसला आणि गुण पुन्हा मोजूनही तो टिकला, तर तक्रारीला जागा आहे. वेगळ्या शिफ्टमधल्या मित्राला तितक्याच गुणांवर वेगळे पर्सेंटाइल पडले, तर त्यात चूक नाही. त्याचा पेपर सोपा किंवा अवघड असू शकतो.

या तपासणीतून एक गोष्ट मात्र सुटते. मूळ गुणच चुकीचे धरले गेले असतील, तरी पर्सेंटाइलचा उलटा हिशेब पूर्णांकच देईल, कारण चुकीच्या गुणांनाही रांगेत एक खरी जागा असते. ती चूक शोधायला स्वतःची उत्तरपत्रिका अंतिम उत्तरतालिकेशी प्रश्नागणिक ताडावी लागते. पहिल्या, तात्पुरत्या तालिकेवर भिस्त ठेवू नये. हरकतींनंतर उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. तक्रार करायचीच असेल तर अर्जात शिफ्टची तारीख-वेळ, छापलेला आकडा, आपण काढलेले मूळ गुण आणि उलट्या हिशेबाचं उत्तर अशा चार गोष्टी लिहाव्यात. नुसतं ‘सरासरी जुळत नाही’ असं लिहिलेल्या अर्जात तपासण्याजोगं काहीच नसतं.