एकशे त्रेचाळीस पत्रे आणि दीड पान

एप्रिल २०१८ मधील गोष्ट. तेव्हा मी बेंगळुरूमध्ये एका केंद्रीय कार्यालयात होते. शुक्रवारी, १३ तारखेला सायंकाळी दिल्लीहून निरोप आला की कर्मचारी वसाहतीच्या मलवाहिनीच्या कामाचा स्थितिदर्शक अहवाल सोमवारी सकाळी अकरापर्यंत हवा. आमच्या कार्यासनाने तासाभरात अहवाल तयार करून माझ्यापुढे ठेवलाही. 'सद्यःस्थिती सोबतच्या पत्रव्यवहारावरून लक्षात येईल' असे एक वाक्य आणि त्याला जोडलेला ई-मेलचा गठ्ठा, असे त्याचे स्वरूप होते. गठ्ठ्यात नोव्हेंबरपासूनचे १४३ मेल होते.

दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी होती. मी तो गठ्ठा घरी नेला.

कागदी फाइलवर वाढलेल्या माणसाला मेलची साखळी प्रथम अडवते ती तिच्या क्रमामुळे. फाइलमध्ये पत्रव्यवहाराच्या बाजूला प्रत्येक कागदाला पृष्ठांक असतो आणि टिपणीच्या बाजूला त्या कागदाने काय बदलले ते लिहिलेले असते. मेलमध्ये सर्वांत नवे पत्र सर्वांत वर असते, त्याच्या पोटात जुने, त्याच्या पोटात आणखी जुने. एकच परिच्छेद तीस वेळा डोळ्यांखालून जातो आणि तीस वेळा वाचल्यामुळे तो खरा वाटू लागतो. म्हणून प्रथम मी सगळी पत्रे जुन्यापासून नव्याकडे लावली आणि पोटातली पुनरावृत्ती, 'पाहिले', 'कृपया तातडीने' व नुसते पुढे पाठवलेले मेल बाजूला काढले. उरले ३१. एकशे त्रेचाळीसपैकी फक्त एकतीस पत्रांत पूर्वी नसलेली काही माहिती होती.

मग वहीत चार रकाने आखले: तारीख, कोणी कोणाला लिहिले, नवे काय सांगितले, आणि ते कोणत्या जातीचे आहे. हा चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मेलमधील विधाने चार जातींची असतात. काही गोष्टी घडलेल्या असतात, काही घडल्याचे कोणी सांगितलेले असते, काही वचने असतात आणि काही नुसती मते. साखळीत यांचे रंग एकमेकांत मिसळतात. जानेवारीत कंत्राटदाराने 'पुढील आठवड्यात जोडणी होईल' असे लिहिले होते. फेब्रुवारीत आमच्याच एका अधिकाऱ्याने त्याचा उल्लेख 'जोडणीचे काम चालू आहे' असा केला आणि मार्चमध्ये दिल्लीला 'जोडणी अंतिम टप्प्यात' असे कळवले गेले. कोणीही खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने आधीच्या माणसाचे वाक्य थोडेसे नीटनेटके केले होते, एवढेच.

प्रगतीच्या भागासाठी मला एक आकडा आयता मिळत होता. अकरा मेलमध्ये 'काम ८० टक्के पूर्ण' असे लिहिले होते. हे ८० टक्के कशाचे, असे मी आमच्या अभियंत्यांना फोनवर विचारले.

"मॅडम, खर्चाचे," ते म्हणाले. "पाइप सगळे जागेवर आले आहेत. त्यांच्यापोटी आगाऊ रक्कम देऊन झाली आहे."

बांधकामाच्या कंत्राटात जागेवर आणलेल्या साहित्याच्या तारणावर अशी आगाऊ रक्कम देता येते, त्यामुळे पैसा कामाच्या पुढे धावतो. मी त्यांना मोजमाप पुस्तक उघडायला सांगितले. एकूण वाहिनी ६४० मीटर, टाकून झालेली ४१० मीटर, आणि पाणी भरून गळतीची चाचणी झालेली फक्त १८० मीटर. म्हणजे लांबीने ६४ टक्के आणि चाचणीने २८ टक्के.

तरीही खरे उत्तर याहून वेगळे होते. मलवाहिनी उताराने वाहते, म्हणून ती सामान्यतः खालच्या टोकाकडून, जिथे ती शहराच्या वाहिनीला मिळणार तिथून, वर नेत टाकतात. इथे खालच्या टोकाला झाडांची रांग होती आणि ती तोडण्याची अनुमती नव्हती, म्हणून कंत्राटदाराने वरच्या टोकाकडून सुरुवात केली होती. उरलेले २३० मीटर हेच शहराच्या वाहिनीशी जोडणारे होते. ते होईपर्यंत टाकलेल्या ४१० मीटरमधून एक तांब्याही वाहून जाणार नव्हता. पाऊस आला की जुनी वाहिनी तुंबणार आणि तळमजल्यावरील कुटुंबांच्या न्हाणीघरांत पाणी उलटे येणार, हे आदल्या वर्षीप्रमाणेच ठरलेले होते. 'प्रगती' या शीर्षकाखाली मी शेवटी तीन वाक्ये लिहिली: किती मीटर टाकले, किती तपासले, आणि वापरात किती आले. तिसऱ्या वाक्यातील आकडा शून्य होता.

आता झाडांविषयी. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. साखळीत फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत सर्वजण 'वृक्षतोडीची अनुमती प्रतीक्षेत' असे लिहीत होते. पण ९ फेब्रुवारीच्या एका मेलला एक जोडपत्र होते. वर मजकूर एवढाच, की सोबत पाहावे. जोडपत्र म्हणजे कन्नडमधील एक पानी पत्राची वाकडी छायाप्रत. दिल्लीत ते कोणाला वाचता येणे शक्य नव्हते. आमच्या कार्यालयातील कन्नड सहकाऱ्यांना तो मेल गेलाच नव्हता.

माझे कन्नड रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यापुरते. तरी अक्षरे लावत गेले तर 'अनुमती' हा शब्द आपलाच निघाला. पुढे 'षरत्तुगळिगे ओळपट्टु' असे होते. षरत्तु म्हणजे आपली शर्त. अटींच्या अधीन राहून अनुमती! शेजारच्या बाईंकडून पूर्ण पत्र वाचून घेतले. सहा झाडांची परवानगी ६ फेब्रुवारीलाच मिळाली होती. अट अशी की पत्राच्या तारखेपासून ९० दिवसांत शुल्क भरावे, नाहीतर नव्याने अर्ज करावा. म्हणजे ७ मे. आपण जिची दोन महिने वाट पाहत होतो ती अनुमती हातात होती आणि संपत आली होती.

तो मेल कोणाकोणाला गेला होता ते मी पाहिले. प्रतींच्या यादीत तिसरे नाव माझे होते.

दुसरी गोष्ट सापडली ती २६ फेब्रुवारीच्या कंत्राटदाराच्या मेलमध्ये. विषय मुदतवाढीचा, आणि सातव्या ओळीत जाता जाता म्हटले होते की मुदतवाढ मिळाल्यास बँक हमीचेही नूतनीकरण करू. त्या मेलला उत्तर देताना कोणीतरी 'सर्वांना उत्तर' न करता फक्त प्रेषकाला उत्तर दिले. तिथून साखळीच्या दोन फांद्या झाल्या आणि लेखा शाखा दोन्हींतून गळाली. केंद्रीय बांधकाम कंत्राटांत कामाच्या ठरलेल्या मुदतीनंतर ६० दिवसांपर्यंत कामगिरीची बँक हमी सुरुवातीला घेत असत. आमची मूळ मुदत २८ फेब्रुवारी होती, म्हणून हमी संपणार २९ एप्रिलला. तो रविवार. २८ ला महिन्याचा चौथा शनिवार, म्हणजे बँका बंद. आमच्या हमीवर दावा करायचा तर तो हमी जिवंत असतानाच बँकेत पोहोचायला हवा होता. तेव्हा हाती असलेला शेवटचा दिवस शुक्रवार, २७ एप्रिल.

जोखमीच्या भागात लोक बहुधा 'पावसाळा', 'समन्वयाचा अभाव' असे शब्द लिहितात. त्यावरून वाचणाऱ्याला काहीच करता येत नाही. मी प्रत्येक जोखीम एकाच साच्यात लिहिली: कोणत्या कारणाने, काय घडेल, कोणत्या तारखेला, आणि मग काय हातचे जाईल. अशा तीनच झाल्या. दोन वर सांगितल्या. तिसरी निवडणुकीची. विधानसभेचे मतदान १२ मे रोजी होते. जोडणीसाठी रस्ता खोदण्याची परवानगी ज्या अभियंत्यांकडून घ्यायची त्यांच्यातले बरेचसे तोवर निवडणुकीच्या कामावर असणार, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच जायला हवा होता. पाऊस मी जोखमीत घातला नाही. तो येणारच होता, म्हणून तो पार्श्वभूमीत गेला.

पार्श्वभूमी मी सर्वांत शेवटी लिहिली, आणि ती तीनदा लिहावी लागली. पहिला मसुदा पानभर झाला, कारण त्यात कोणाच्या हातून काय राहिले याचा इतिहास होता. तो लिहिताना मला बरे वाटत होते, हेच त्याच्याविरुद्ध पुरेसे होते. दुसऱ्या मसुद्यात तो इतिहास काढला, तेव्हा लक्षात आले की कन्नड पत्राचा उल्लेखही मी काढला आहे. माझे नाव तिसरे होते ना! शेवटी वाक्य असे ठेवले: 'वृक्ष अधिकाऱ्यांची अनुमती ६ फेब्रुवारीची असून ती ९ फेब्रुवारीला या कार्यालयास व अधोस्वाक्षरीकर्तीस प्राप्त झाली, तिची नोंद १४ एप्रिलला घेण्यात आली.' उरलेली पार्श्वभूमी काम काय, किंमत किती, मुदत केव्हा संपली आणि दिल्लीकडून कोणता निर्णय हवा, एवढीच. निर्णय एकच हवा होता, मुदतवाढीचा.

पुढील कार्यवाहीत चार ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक क्रियापद, एक पद आणि एक तारीख. 'लेखा अधिकारी २० एप्रिलपर्यंत शुल्क भरतील.' 'कार्यकारी अभियंता २३ एप्रिलपर्यंत हमीच्या मुदतवाढीचे पत्र मिळवतील. न मिळाल्यास २७ ला दुपारी बारापूर्वी बँकेत दावा दाखल करतील.' आमच्या अधीक्षकांनी मसुद्यात 'संबंधितांनी कार्यवाही करावी' असे सुचवले होते. संबंधित म्हणजे कोण, असे मी विचारले तेव्हा तेही हसले.

अहवाल दीड पानाचा झाला आणि सोमवारी साडेदहाला गेला. शुल्क गुरुवारी भरले गेले. हमीचे नूतनीकरण २५ तारखेला हातात आले. जोडणी मात्र जूनच्या अखेरीस झाली, कारण रस्ता खोदण्याची परवानगी मतदान आटोपल्यावरच मिळाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री पाऊस झाला, दोन घरांत पाणी शिरले, आणि सकाळी त्या दारांशी जाऊन उभे राहणे मला टाळता आले नाही.

दिल्लीहून अहवालाची पोच त्याच दिवशी आली होती. तीत एकच ओळ होती: कृपया संपूर्ण मेल-साखळी सोबत जोडावी.